सोडलेलं मीठ

३० जून २०२३
एकादशीचा दुसरा दिवस

दामिनीताई,

नमस्कार. मी शुभांगी, तुमच्या भावाची बायको. घरातले सगळे नंबर तुम्ही ब्लॉक केलेत, म्हणून कागदावर आले. कागद फाडायचा असला तरी आधी हातात घ्यावा लागतो, आणि हातात घेतला की दोन-चार ओळी नजरेखालून जातातच. तेवढ्यात सांगून टाकते. मला भीती वाटते आहे.

आईंनी मीठ सोडलं. काल एकादशीला विठोबाच्या फोटोसमोर ओंजळीत पाणी घेऊन संकल्प केला. आता कार्तिकी एकादशीपर्यंत अळणी.

तुम्ही म्हणाल, त्यात नवं काय? सोडासोडी त्यांची दरवर्षीचीच आहे. कांदा, लसूण आणि वांगं तर आपल्या घरी सगळ्यांचंच बंद होतं. मंगळवारी कांदेनवमीला मी कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, पातीची भाजी असं सगळं केलं आणि तुमच्या भावानं जन्मात कांदा मिळणार नाही असा हाणला. आईंचं त्यापुढचंही असतं. पहिल्या महिन्यात पालेभाजी नाही, दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही, चौथ्यात डाळी नाहीत. तुमच्या लहानपणापासून हे चालत आलं आहे. शेजारच्या गिरजाबाईंनी यंदा चहा सोडला आणि दुसऱ्याच दिवशी कॉफी धरली, देवाचं आणि जिभेचं दोघांचंही भागलं. आईंना असली पळवाट चालत नाही.

मीठ मात्र त्यांनी कधी सोडलं नव्हतं. मी विचारलं, "आई, यंदा मीठ काहून?" तर म्हणाल्या, "कायले विचारून राहिली? सांगितलं का फळ जाते." कशासाठी ते मला माहीत नाही.

गंमत म्हणजे घरात सगळे खूश आहेत. लाखनीच्या डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, आजी, बीपी आहे, मीठ कमी करा. हे म्हणाले, "देव आन् डॉक्टर पहिल्यांदाच एका गोष्टीवर राजी झाले." मीही हसले. रात्री अंथरुणावर पडले तेव्हा तुमचं बोलणं आठवलं.

मामाजींच्या तेरवीला तुम्ही सगळ्यांसमोर आईंना म्हणालात, "तुह्या उपवासानं मारलं माह्या बापाले." मामाजींना साखर होती, गोळ्या चालू होत्या, आणि तरी त्या चातुर्मासात आईंच्या बरोबरीनं त्यांनी धारणं-पारणं धरलं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण. आश्विनात ते गेले. तुम्ही नर्स, तुम्हाला ते सहन झालं नाही. आणि आई म्हणाल्या, "मंग या घरची पायरी चढू नको." तुम्ही चढला नाहीत. दोघींपैकी कोण जास्त हट्टी, हे दोन वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

त्या घरात आता स्वयंपाक मी करते. अळणी वरण माझ्या हातानं शिजणार. उद्या काही बरं-वाईट झालं तर तुमचं ते वाक्य कुणाच्या तोंडावर येईल, हा विचार मनातून जात नाही.

उत्तर नका देऊ, पण वाचा.

तुमची,
शुभांगी


९ ऑगस्ट २०२३
अधिक श्रावण

दामिनीताई,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरते.

यंदा अधिक महिना आहे हे संकल्प करताना आईंच्या लक्षात होतं की नव्हतं, देव जाणे. श्रावण दोन आले आणि चातुर्मासाचे महिने पाच झाले. तुमच्या भावाला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तो श्रावणात मासोळी खात नाही, फक्त श्रावणात. टायरच्या दुकानातून घरी येऊन म्हणतो, "म्हंजे मी दोन महिने बगळ्यासारखा बोडीकडे पाहत बसू का?" आमच्या गुड्डीला ते इतकं आवडलं की ती आता त्याला बगळे बाबा म्हणते.

आईंना मी हळूच म्हटलं, "चार महिन्यांचा संकल्प होता ना आई, एक महिना जास्तीचा झाला, तेवढं मीठ खा." त्या म्हणाल्या, "कार्तिकीपर्यंत म्हटलं होतं मी. महिने नव्हते मोजले." अधिकात केलेल्याचं पुण्यही जास्तीचं असतं म्हणे.

याच महिन्यात जावयाला वाण देतात, ते तुम्हाला सांगायला नको. आईंनी तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, वाळवून कुटले, गूळ घालून पीठ मुरवलं आणि तेहतीस अनारसे तळले. एकही विरघळला नाही, एकाचीही जाळी बिघडली नाही. भंडाऱ्याहून नवं पितळेचं ताट आणवलं होतं. त्यात अनारसे मांडले, वर दिवा लावला. पण ताट द्यायचं कुणाला? अश्विनभाऊ रायपूरला, आणि तुम्ही दोघं या घरी येणार नाही. दिवा संपेपर्यंत आई ताटासमोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "नेऊन दे देवळात."

मी अनारसे दिले आणि ताट घरी आणून ठेवलं. दोन मात्र गुड्डीनं पळवले, ते मी पाहिलं आणि बोलले नाही.

आता भीतीचं सांगते. धानाची रोवणी सुरू आहे. नको म्हटलं तरी आई बांधीत उतरतात. म्हणतात, हात चालते तोवर चालू द्या. भर उन्हात चिखलात वाकून घाम गाळायचा, आणि घरी येऊन अळणी भात आणि अळणी वरण. पालेभाजी बंदच आहे. बीपीची गोळी मात्र न चुकता घेतात. ती लघवी जास्त करवणारी गोळी आहे, दुपारी दोनदा बांधावरून उठावं लागतं म्हणून बायका त्यांची चेष्टा करतात.

गेल्या आठवड्यापासून पोटऱ्यांत गोळे येतात. जेवण जात नाही, मळमळतं म्हणतात. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बीपी पाहिलं आणि शाबासकी दिली, "वा आजी, छान आहे. असंच चालू ठेवा." मीठ किती खाता असं त्यांनी विचारलं, तर आई म्हणाल्या, "कमीच खातो जी." त्या खोटं बोलल्या नाहीत, पण खरंही सांगितलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्या पायावर पाय ठेवला. मी गप्प राहिले. सासूचा पाय होता एवढंच.

तुम्ही असता तर गप्प राहिला नसता.

शुभांगी


३१ ऑगस्ट २०२३
राखीचा दुसरा दिवस

दामिनीताई,

राखी आली नाही. हे दिवसभर दुकानात पोस्टमनची वाट बघत होते आणि मला म्हणाले, मी काही वाट पाहून नाही राहिलो.

हे पत्र नीट वाचा. तुमच्या पाया पडते.

परवा दुपारी आई घरात नव्हत्या. गिरजाबाई धावत आल्या, "तुही सासू बोडीच्या पारीवर उभी हाय, डबा घेऊन." मी अनवाणी पळाले. आई खरंच तळ्याच्या काठावर, पारीवर होत्या, हातात मामाजींचा जुना जेवणाचा डबा. पाण्याकडे बघून हाका मारत होत्या, "अजी, या ना वर. भात थंडा होऊन राहिला." मी हात धरला तेव्हा माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी मी गावात नवीन आले आहे. पाय लटपटत होते. दोन पावलं पुढे पडली असती तर आज हे पत्र दुसरंच झालं असतं.

संध्याकाळी पुन्हा ठीक. गुड्डीला गोष्ट सांगितली, मला भातात पाणी जास्त झालं म्हणून बोलल्या. गावातल्या बायका म्हणतात, म्हातारपण आहे, नवरा आठवतो. एक म्हणाली, अधिक महिन्यात बाधा झाली असेल, उतरवून घ्या. काल रात्री "दामिनी रडून राहिली, उठ ना वो" म्हणत मला उठवलं. मी दिवा लावून पाहिलं तर त्या स्वतः रडत होत्या.

मी काल एक केलं. वरणात चिमूटभर मीठ घातलं, अगदी चिमूटभर. वाटलं, कळणार नाही. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांनी तो हातावर काढला. ताट सारलं, आंघोळ केली, आणि प्रायश्चित्त म्हणून तो दिवस आणि आजचा दिवस पाण्यावर काढला. माझ्या एका चिमटीनं त्यांचे दोन दिवस उपाशी गेले. आता मीठ घालायला हात धजत नाही आणि न घालायलाही धजत नाही.

आणि ताई, पहिल्या पत्रात मी लिहिलं की व्रत कशासाठी ते मला माहीत नाही. मला माहीत होतं. एकादशीला मी दाराआड होते, संकल्प ऐकला. रायपूरकडच्या मंगलाबाई लग्नासाठी लाखनीला आल्या होत्या, त्यांनी आईंना सांगितलं की तुम्हाला पुन्हा दिवस गेले आहेत. आधीची दोन राहिली नाहीत, हेही सांगितलं. ती दोन गेल्याचं आईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या रात्री जेवल्या नाहीत. आणि एकादशीला पाणी सोडताना म्हणाल्या, "हे लेकरू तिच्या पोटात टिकू दे. तोवर माह्या तोंडात मीठ नाही जाणार."

सांगितलं की फळ जातं, म्हणून मी लपवलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तरी लपवलं. आज सांगते आहे, कारण आई माझ्या डोळ्यांसमोर चालल्या आहेत, आणि का चालल्या आहेत ते मला कळत नाही. तुम्ही नर्स आहात. गोळे, मळमळ, लटपटणं, मधेच भान जाणं. हे काय आहे ते सांगा. माझ्यावर रागवा, आईंवर रागवा, पण सांगा.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. रायपूरला जाणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर यांच्या दुकानी टायर बदलायला थांबला आहे. त्याच्या हाती देते.

शुभांगी


१७ सप्टेंबर २०२३
पोळा झाला

दामिनीताई,

तुमचा मेसेज यांच्या फोनवर १ तारखेला दुपारी आला. "आईचं सोडियम आजच तपासा. बीपीची गोळी बंद करा, नाव पाठवा." ना नमस्कार, ना विचारपूस. पण तो वाचून तुमचा भाऊ दुकानातल्या टायरावर बसून रडला, हे मी तुम्हाला सांगितलं असं त्याला कळू देऊ नका.

त्याच दिवशी गाडी करून भंडाऱ्याला नेलं. रक्ताचा रिपोर्ट आला तसं डॉक्टरीणबाई धावतच आल्या. म्हणाल्या, रक्तातलं मीठ इतकं उतरलंय की झटका आला असता, बेशुद्ध झाल्या असत्या. गोळी लघवीवाटे मीठ बाहेर काढत होती, घामानं जात होतं, आणि तोंडावाटे येत काहीच नव्हतं. "कमी करा म्हणजे बंद करा असं कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. कुणीच सांगितलं नव्हतं. आम्हीच देवाचं आणि डॉक्टरचं एक केलं होतं.

सलाईन लावलं. हळूहळू द्यायचं असतं, एकदम वाढवलं तर मेंदूला धोका, असं म्हणाल्या, हे तुम्हाला माहीतच असेल. मी उशाशी बसले. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात आईंनी डोळे उघडून तिथल्या पोरीला विचारलं, "हे काय चढवून राहिली वो?" ती पोर बिचारी प्रेमानं म्हणाली, "मिठाचं पाणी आहे आजी."

ताई, आईंनी सुई उपटली. रक्त चादरीवर, माझ्या साडीवर. दुसऱ्यांदा लावली, दुसऱ्यांदा उपटली. दोघींनी हात धरले तर ओरडायला लागल्या, "लेकरू जाईल तिचं! सोडा मले!" अर्धं भान, अर्धं नाही, पण व्रत तेवढं पक्कं होतं त्या डोक्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात बांधावे लागतील. हे खाली औषधं आणायला गेले होते. मी एकटी होते, आणि आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

मी आपल्या कीर्तनकार महाराजांना फोन लावला. दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं शास्त्रच आहे. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हवन केलेलं अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. औषध आहे त्यात. आणि व्रत धरणारा आजारी पडला तर घरचं माणूस ते पुढं चालवू शकते. मोडलं असं होत नाही." मी म्हटलं, तुम्हीच सांगा त्यांना. फोन कानाला लावला तर आईंनी तोंड फिरवलं. त्यांना आवाजच ओळखू येईना.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वॉर्डात मास्क लावायला सांगितला होता, माझे नुसते डोळे दिसत होते. त्या म्हणाल्या, "दामे? तू आली?"

पुढचं वाचून तुम्हाला राग येईल. मी म्हटलं, "हो आई."

"पायरी चढली?"

"चढली."

त्यांनी माझा हात धरला. मी म्हटलं, "आई, हे औषध हाय. मी नर्स आहो ना, मले समजते. औषधानं व्रत मोडत नाही."

"आन् बाकीचे महिने? घरी गेल्यावर काय करू? मीठ खाऊ? तुह्या लेकराचं काय होईल मंग?"

"तुहं व्रत दुसऱ्या कोणी चालवलं का चालते."

"तू नको. तू पोटुशी हायेस. तू अळणी खायचं नाही."

"मी नाही आई," मी म्हटलं. "शुभांगी चालवते."

असं मी दामिनी होऊन शुभांगीला बांधून टाकलं. आईंनी विचार केला आणि हात पुढे केला. तिसऱ्यांदा सुई लागली आणि राहिली.

पाच दिवस ठेवलं. पोळ्याच्या आत घरी आणलं. आता गोळी बदलली आहे, आणि मीठ त्या खातात, पण कसं ते ऐका. स्वयंपाकघरातल्या डब्यातलं नाही. गोळ्यांच्या डब्यात एक वेगळी पुडी ठेवली आहे. जेवायला बसताना त्यातलं घेतात, वर तुळशीचं पान ठेवतात, आणि मोठ्यानं "औषध" म्हणून भातावर टाकतात. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, कसंही खाऊ द्या.

अळणी आता मी खाते.

तुमचा दुसरा मेसेजही यांनी दाखवला. "मी कोणालाही मीठ सोडायला सांगितलं नव्हतं." खरं आहे. तुम्ही सांगितलं नव्हतं.

शुभांगी


२ नोव्हेंबर २०२३

दामिनीताई,

पितर झाले, दसरा झाला, कोजागिरीही झाली. आई ठणठणीत आहेत. चौथ्या महिन्यातल्या डाळी तरी सोडू दे म्हणून माझ्यामागे लागल्या, तर डॉक्टरीणबाईंनाच फोन लावून दिला. तेव्हा गप्प बसल्या.

हे पत्र माझ्याबद्दल आहे, त्यामुळे लहान आहे.

मी तरुण आहे, मला कुठली गोळी नाही, डॉक्टरीणबाईंना विचारून, मधेमधे रक्त तपासून करते आहे. तेव्हा माझी काळजी नको. अळणी जेवणाची सवयही होते. पहिले आठ दिवस वरण म्हणजे गरम चिखल वाटतं, मग तांदळाची चव कळायला लागते.

पण माझा विश्वास नाही ना असल्या गोष्टींवर? तीच तर पंचाईत झाली आहे. परवा गुड्डीनं चिवडा खाता खाता मला लाडानं एक घास भरवला. मी गिळायच्या आधी आठवलं, आणि पळत जाऊन थुंकले. चुळा भरल्या. मग मोरीजवळ बसून राहिले. चिवडा गेला असता तर काय झालं असतं? काही नाही. मला पक्कं माहीत आहे काही नाही. आणि तरी दोन दिवस रायपूरहून काही वाईट कळतं की काय, म्हणून यांचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून ऐकत उभी राहायचे.

आईंना मी मनातून किती हसले असेन. आता कळतं, व्रत देवाला घाबरून कोणी धरत नाही. आपलं माणूस लांब असतं, आपला हात तिथवर पोचत नाही, तेव्हा जे हातात असतं ते माणूस सोडतं. आईंच्या हातात मीठ होतं.

तुमची तारीख मार्गशीर्षातली आहे असं मंगलाबाईंकडून कळलं. जपा.

शुभांगी


२४ नोव्हेंबर २०२३
कार्तिकी द्वादशी

दामिनीताई,

अश्विनभाऊंचा फोन काल, ऐन एकादशीला आला. मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी झाली, वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे, डॉक्टर म्हणतात आठवडाभर काही सांगता येत नाही. तुम्ही बऱ्या आहात. एवढं सांगून ते रडायला लागले आणि फोन ठेवला.

मला आधी काय आठवलं असेल? चिवड्याचा घास. मी थुंकला होता, पण सगळा थुंकला होता का? रात्रभर हेच. पहाटे न राहवून आईंना उठवून सांगितलं, सगळं सांगितलं. दवाखान्यात दामिनी नव्हती, मी होते, मास्क लावून खोटं बोलले, त्यांना मीठ घ्यायला लावलं, आणि व्रत माझ्या जिभेवर घेऊन तेही मला धड जमलं नाही. लेकराला काही झालं तर ते माझ्यामुळे.

आई अंथरुणावर उठून बसल्या. म्हणाल्या, "मले माहीत होतं."

"काय?"

"दामिनी नाही, तू होती ते. पहिल्यानं नव्हतं समजलं. पण तू हात धरला ना, तवा समजलं. दामिनी मले 'औषध हाय' म्हणून समजावत बसली असती का? ती पहिले भांडली असती, मंग रडली असती. आन् तुहा हात कापून राहिला होता. एवढं कोणी माह्यासाठी भ्यालं नव्हतं वो कधी. म्हणून घेतलं."

त्यांनी माझं तोंड पदरानं पुसलं, गुड्डीचं पुसतात तसं. म्हणाल्या, "घास थुंकला ना? मंग झालं. देव का तुह्या दातात बोटं घालून पाहून राहिला?"

आज द्वादशी. व्रत सोडायचा दिवस. जे सोडलं असेल ते आधी दुसऱ्याला द्यायचं आणि मग आपण खायचं, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. गिरजाबाईंनी सकाळीच देवळातल्या महाराजांना चहापत्तीचा पुडा दिला आणि घरी येऊन दोन कप चहा प्याल्या. मी मीठ मोजून ताटात काढलं, वर दक्षिणा ठेवली, म्हटलं आई, चला देवळात.

आई म्हणाल्या, "देवळात नाही. ज्याच्यासाठी सोडलं त्यालेच द्यायचं."

त्यांनी मिठाची पुडी बांधली. पितळेचं ते ताट काढलं, अधिकातलं, जावयाच्या वाणाचं, आणि फडक्यात गुंडाळलं. गुड्डीचं तान्हेपणीचं टोपडं घेतलं. मग यांना म्हणाल्या, "गाडी पाहा रायपूरची." हे म्हणाले, आई, ती दारातूनच परत पाठवेल तुले. आई म्हणाल्या, "पाठवू दे. पायरी चढू नको असं मी म्हटलं होतं, तिनं नव्हतं म्हटलं."

हे आईंसोबत निघाले आहेत, हे पत्र मी यांच्या खिशात घालते आहे, ते आधी आत येऊन तुमच्या हाती देतील. म्हणजे तुम्ही ते वाचत असाल तेव्हा आई वॉर्डाच्या दाराबाहेर उभ्या असतील. पाय अजून थोडे लटपटतात त्यांचे. त्यांना फार वेळ उभं ठेवू नका.

मला फार भीती वाटते आहे ताई. तुम्ही पुडी घेणार नाही याची, आणि पेटीतल्या त्या पोरीचीही. गाडी आत्ताच वळणावरून गेली असती, पण मी यांना थांबवून ठेवलं आहे, या शेवटच्या ओळींसाठी.

चूल पेटली आहे. वरण शिजलं आहे, अजून अळणीच. तुम्ही आईंच्या हातातून पुडी घेतली की यांच्या फोनवरून मला नुसता एक मिस्ड कॉल द्या. मग मी मीठ घालीन.

शुभांगी